दर दिलाय, एकूण काढायचंय, पण उत्तर जुळत नाही

प्रश्न नेहमी एकाच साच्याचा असतो. वेळेनुसार बदलणारा दर दिलेला असतो, पाण्याचा असेल तर लिटर प्रति मिनिट आणि विजेचा असेल तर करंट. ठरावीक वेळात एकूण किती पाणी वाहिलं किंवा किती चार्ज गेला, एवढंच काढायचं असतं. दराचं वेळेवर इंटिग्रेशन करायचं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी उत्तर एक तर पुस्तकाशी जुळत नाही किंवा प्रत्यक्ष मोजणीशी. अशा वेळी लोक इंटिग्रेशनची आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासत बसतात. बहुतेकदा ती बरोबरच असते. घोळ असतो दराचं चिन्ह, वेळेचं एकक किंवा नोंदींमधलं अंतर यांपैकी कशात तरी. ज्या क्रमाने तपासलं की घोळ लवकर सापडतो, त्याच क्रमाने पुढे लिहितो.

आधी उत्तराला चौकट घाला

त्या कालावधीत दर कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती होता ते पाहा, आणि दोन्ही आकड्यांना कालावधीने गुणा. खरं उत्तर या दोन आकड्यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. हे करायला अर्धा मिनिट लागतो, आणि निम्म्याहून जास्त चुका इथेच उघड्या पडतात.

एक उदाहरण घेऊ. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २५० ओहमच्या रेझिस्टरमधून १० व्होल्टला जोडला आहे. सुरुवातीला तो पूर्ण रिकामा आहे. स्विच दाबताच करंट १० भागिले २५०, म्हणजे ४० मिलिअँपिअर असतो आणि मग घसरत जातो. टाइम कॉन्स्टंट २५० गुणिले १०० मायक्रोफॅरड, म्हणजे २५ मिलिसेकंद. त्यामुळे करंट असा:

```
i(t) = 40 · e^(-t/25)      (i: mA, t: ms)
```

पहिल्या ५० मिलिसेकंदांत किती चार्ज गेला? मिलिअँपिअर गुणिले मिलिसेकंद म्हणजे मायक्रोकूलोम, हे आधीच लिहून ठेवा. ५० मिलिसेकंदांनंतर करंट ५.४१ मिलिअँपिअर उरतो. म्हणजे चौकट झाली ५.४१ × ५० = २७१ पासून ४० × ५० = २००० मायक्रोकूलोमपर्यंत. कुणी सुरुवातीचाच करंट वेळेने गुणला तर उत्तर येतं २०००, आणि शेवटचा गुणला तर २७१. उत्तर चौकटीच्या थेट काठावर आलं की समजायचं, बदलता दर स्थिर धरला गेला आहे.

यापेक्षा फसवी चूक म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या करंटची सरासरी घेऊन ती वेळेने गुणणं. (४० + ५.४१) ÷ २ × ५० = ११३५ मायक्रोकूलोम. हे चौकटीत अगदी आरामात बसतं, म्हणून शंकाही येत नाही. पण इथे दुसरी एक खूण हाताशी आहे. हा कपॅसिटर पूर्ण भरला तरी त्यावर १०० मायक्रोफॅरड × १० व्होल्ट = १००० मायक्रोकूलोम इतकाच चार्ज मावतो. कायमचं थांबलं तरी १००० च्या वर काही जाणार नाही, मग ५० मिलिसेकंदांत ११३५ कुठून आले? दोन टोकांची सरासरी फक्त दर सरळ रेषेत बदलत असेल तेव्हाच चालते. इथे करंट सुरुवातीला झपाट्याने पडतो आणि नंतर रेंगाळतो. त्यामुळे बराच वेळ तो त्या सरासरीच्या खालीच असतो.

बरोबर हिशोब असा:

```
Q = ∫₀⁵⁰ 40·e^(-t/25) dt
  = [ -1000·e^(-t/25) ]₀⁵⁰
  = 1000·(1 - e^(-2))
  ≈ 865 µC
```

इथेही एक खड्डा आहे, आणि त्यात पडणारे पुष्कळ. कुणाकुणाचं उत्तर उणे १३५ येतं. ते कसं येतं ते पाहा: वरची मर्यादा घातल्यावर -1000·e^(-2) = -१३५ मिळतं आणि खालची मर्यादा शून्य आहे म्हणून ती सोडून दिली जाते. बहुपदीत t = 0 घातलं की सगळं शून्य होतं, त्याची सवय लागलेली असते. पण e⁰ म्हणजे १, आणि म्हणून खालच्या मर्यादेची किंमत उणे १००० आहे. कोसाइनच्या बाबतीतही हेच होतं, कारण cos 0 सुद्धा १ आहे. करंट पूर्ण वेळ धन असताना एकूण चार्ज ऋण आला, तर सगळ्यात आधी खालची मर्यादा तपासा.

दर मध्येच उलटतो का?

आता पाण्याकडे येऊ. टाकीत येणाऱ्या पाण्याचा दर धन आणि बाहेर जाणाऱ्याचा ऋण धरला आहे. दर असा आहे:

```
r(t) = 20 - 4t      (लिटर/मिनिट, t मिनिटांत, 0 ते 8)
```

सरळ इंटिग्रेट केलं तर 20t - 2t² मध्ये ८ घालून १६० - १२८ = ३२ लिटर येतात. दर सरळ रेषेत बदलतो आहे, म्हणून इथे टोकांची सरासरीही (२० आणि -१२ ची सरासरी ४, गुणिले ८) ३२ च देते. वर ज्या युक्तीने दगा दिला ती इथे बरोबर निघते. लोकांचा तिच्यावर विश्वास बसतो तो अशाच गणितांमुळे.

पण प्रश्नात काय विचारलंय ते नीट वाचा. ‘टाकीतलं पाणी किती वाढलं’ असं विचारलं असेल तर ३२ बरोबर. ‘पाइपातून एकूण किती पाणी वाहिलं’ असं विचारलं असेल तर ३२ चूक. दर कधी शून्य होतो ते काढा: 20 - 4t = 0, म्हणजे ५ व्या मिनिटाला. तिथे इंटिग्रेशनचे दोन तुकडे करा. ० ते ५ मध्ये १०० - ५० = ५० लिटर आत आले. ५ ते ८ मध्ये ३२ - ५० = -१८, म्हणजे १८ लिटर बाहेर गेले. पाइपातून गेलेलं पाणी ५० + १८ = ६८ लिटर. नुसतं ३२ चं चिन्ह पुसून किंवा शेवटच्या उत्तराला मॉड्युलस लावून ६८ कधीच येणार नाही. मॉड्युलस दरालाच लावायचा असतो, इंटिग्रेट करण्याआधी.

आता याच गणितात एक भर घालू, कारण प्रत्यक्ष टाकीत गोष्ट इथे संपत नाही. समजा सुरुवातीला टाकीत ३० लिटर पाणी होतं आणि टाकी ७० लिटरची आहे. शेवटी किती पाणी असेल? ३० + ३२ = ६२, आणि ६२ हे ७० च्या आत आहे, म्हणून उत्तर ६२ असं लिहून पुढे जाणारे खूप. मोजून पाहणाऱ्याला मात्र ५२ मिळतात आणि तो दहा लिटर शोधत बसतो.

ते दहा लिटर ओव्हरफ्लोमधून गेले. पाणी सगळ्यात जास्त असतं ते दर शून्य होतो तेव्हा, म्हणजे ५ व्या मिनिटाला, आणि कागदावर ते ३० + ५० = ८० लिटर होतं. टाकीत तर ७० च मावतात. टाकी काठोकाठ कधी भरली?

```
30 + 20t - 2t² = 70
t² - 10t + 20 = 0
t = 5 - √5 ≈ 2.76 मिनिटे
```

(दुसरं मूळ 5 + √5, म्हणजे ७.२४. पातळी कागदावर परत ७० वर उतरते तो क्षण. तो इथे कामाचा नाही, कारण टाकीतलं पाणी ८० पर्यंत चढलेलंच नसतं.) २.७६ ते ५ मिनिटांत आत येणारे १० लिटर सांडले. ५ व्या मिनिटाला टाकीत ७० आहेत आणि पुढच्या तीन मिनिटांत १८ बाहेर जातात, म्हणून उरले ५२. यात बाहेर जाण्याचा दर पातळीवर अवलंबून नाही असं धरलं आहे. पाणी नुसतं तळाच्या भोकातून आपोआप जात असेल तर पातळी घटली की दरही घटतो, आणि मग दर वेळेचं फलन म्हणून आधीच देता येत नाही. ते वेगळं गणित झालं.

सांगायचा मुद्दा असा की साठ्याला वरची किंवा खालची मर्यादा असेल तर फक्त शेवटचा आकडा तपासून भागत नाही. दर जिथे जिथे चिन्ह बदलतो तिथला साठा काढून पाहावा लागतो. रिकाम्या टाकीच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने लागू आहे: मधल्या वेळी साठा ऋण आला तर त्या क्षणापासून दर दिला तसा राहूच शकत नाही.

करंटच्या बाबतीत चिन्हाचा हाच घोळ एसीमध्ये दिसतो. साइन करंटचं पूर्ण सायकलवर इंटिग्रेशन शून्य येतं, कारण अर्ध्या सायकलमध्ये जितका चार्ज एका दिशेने गेला तितकाच परत आला. ते उत्तर बरोबर आहे, चूक शोधू नका. अर्ध्या सायकलचा चार्ज हवा असेल तर तो 2·I₀/ω येतो, I₀ म्हणजे कमाल करंट. आणि आरएमएस करंटला वेळेने गुणून चार्ज काढू नका. आरएमएस उष्णतेच्या हिशोबासाठी असतो, चार्जसाठी साधी सरासरी लागते.

एकक फक्त उत्तराला नसतं, सूत्राच्या आतही असतं

उत्तर थोडंथोडकं न चुकता काही पटींनी चुकलं असेल, किंवा चौकटीच्या पार बाहेर जाऊन भलतंच काही आलं असेल, तर एकक पाहा. वरच्याच टाकीत कुणीतरी ‘सगळं सेकंदात करू’ म्हणतो आणि ८ मिनिटांच्या जागी ४८० घालतो:

```
∫₀⁴⁸⁰ (20 - 4t) dt = 9600 - 460800 = -451200
```

साडेचार लाख लिटर बाहेर गेले, तेही ७० लिटरच्या टाकीतून! आता बरेच जण याला ६० ने भागून पाहतात आणि तरी ३२ येत नाहीत. येणारही नाहीत. २० हा आकडा लिटर प्रति मिनिट आहे, पण ४ हा लिटर प्रति मिनिट प्रति मिनिट आहे. सेकंदात आणायचं तर पहिल्याला ६० ने एकदा भागायचं आणि दुसऱ्याला दोनदा. शेवटी एकाच आकड्याने भागून हे साधणार कसं?

बरोबर रीत म्हणजे t च्या जागी s/60 लिहायचं, s सेकंदात, आणि संपूर्ण दरालाही ६० ने भागायचं:

```
r(s) = (20 - 4·s/60) / 60      (लिटर/सेकंद)
∫₀⁴⁸⁰ r(s) ds = 160 - 128 = 32 लिटर
```

पण खरं सांगायचं तर हा उपद्व्याप करूच नये. सूत्र ज्या एककात दिलंय त्याच एककात इंटिग्रेट करा आणि मिळालेलं एकूण शेवटी बदला. दर मिनिटाचा असेल तर मर्यादा मिनिटांत. करंट मिलिअँपिअरमध्ये आणि वेळ तासांत असेल तर उत्तर मिलिअँपिअर-तासांत येईल. कूलोम हवे असतील तर त्याला ३.६ ने गुणा, कारण एक मिलिअँपिअर-तास म्हणजे ०.००१ अँपिअर × ३६०० सेकंद. e किंवा sin च्या आत t असेल तर ही खबरदारी आणखी गरजेची, कारण तिथे एकक चुकलं तर उत्तर कितीपट चुकेल त्याचा काही अंदाजही लागत नाही.

सूत्र नाही, फक्त नोंदी आहेत

मोजणी यंत्राने नोंदी दिल्या असतील तर लागोपाठच्या दोन नोंदींची सरासरी घेऊन ती मधल्या वेळेने गुणायची आणि बेरीज करत जायचं, म्हणजे ट्रॅपेझॉइडल नियम. प्रोग्राममध्ये इतकंच:

```python
q = 0.0
for k in range(len(t) - 1):
    q += (i[k] + i[k+1]) / 2 * (t[k+1] - t[k])
```

वरच्या कपॅसिटरचा करंट दर १० मिलिसेकंदांनी नोंदवला तर आकडे येतात ४०, २६.८१, १७.९७, १२.०५, ८.०८ आणि ५.४१. नियम लावला की ८७६ मायक्रोकूलोम मिळतात, खऱ्या ८६५ पेक्षा ११ ने जास्त. नोंदी दर ५ मिलिसेकंदांनी घेतल्या तर ८६७.५ येतात. अंतर निम्मं केल्यावर चूक साधारण एक चतुर्थांश झाली, आणि गुळगुळीत वक्रावर ती तशीच व्हायला हवी. म्हणून तपासण्याची रीत अशी: एक सोडून एक नोंद घेऊन पुन्हा बेरीज करा. दोन उत्तरांत फारसा फरक नसेल तर नोंदी पुरेशा दाट आहेत. फरक मोठा असेल तर मधल्या काळात काय झालं ते नोंदींना माहीतच नाही, आणि कुठलाही नियम लावून ते परत मिळणार नाही.

तयार फंक्शन वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. NumPy मध्ये `np.trapezoid(i)` इतकंच लिहिलं तर नोंदींमधलं अंतर १ धरलं जातं. उत्तर बरोबर दहापट लहान आलं आणि नोंदी दर १० मिलिसेकंदांच्या असतील, तर शोध संपला. `np.trapezoid(i, t)` लिहा, आधी करंट, मग वेळ. नोंदी समान अंतराने नसतील तर t द्यावाच लागतो. मध्ये नोंद चुकलेली असतानाही अंतर स्थिर धरणं ही अशा कामातली नेहमीची चूक आहे.

चूक दिवसागणिक वाढत जाते

एक तक्रार मात्र वेगळ्याच जातीची असते: पहिल्या तासात एकूण बरोबर येतं, पण दुसऱ्या दिवशी बॅटरीचा किंवा टाकीचा हिशोब हाताबाहेर गेलेला असतो. वापर कमी असो की जास्त, चूक वेळेच्या प्रमाणात वाढते. हे दिसलं की सेन्सरच्या शून्यावर संशय घ्या. काहीच वाहत नसताना सेन्सर २ मिलिअँपिअर दाखवत असेल तर एका नोंदीत ते डोळ्यांतही भरत नाही. २४ तासांच्या बेरजेत मात्र ते ४८ मिलिअँपिअर-तास होतात, म्हणजे जवळजवळ १७३ कूलोम, आणि त्यातला एकही खरा नाही.

खात्री करायला प्रवाह पूर्ण बंद करून काही वेळ नोंदी घ्या. त्यांची सरासरी म्हणजे सेन्सरचं खोटं शून्य. ते प्रत्येक नोंदीतून वजा करा आणि मगच बेरीज करा. तापमानाबरोबर हे शून्य सरकतं, म्हणून लांब नोंदींसाठी एकदाच केलेली वजाबाकी पुरत नाही. जिथे एकूण किती आहे हे दुसऱ्या मार्गाने नक्की कळतं, जसं बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर किंवा टाकी खुणेपर्यंत भरल्यावर, तिथे हिशोब त्या आकड्यावर आणून पुन्हा सुरू करतात.

आणि यात एक उपाय असा आहे की तो रोगापेक्षा वाईट. शून्याभोवती सेन्सर थोडा वरखाली हलतो, कधी अधिक ३, कधी उणे ३. उणे करंट कसा असेल, असं म्हणून लोक ऋण नोंदी शून्य करून टाकतात. आधी अधिक आणि उणे एकमेकांना खोडत होते, सरासरी शून्याच्या आसपास राहत होती. आता उणे गेले आणि अधिक तेवढे उरले. निम्म्या नोंदी ३ आणि निम्म्या शून्य असतील तर सरासरी १.५ मिलिअँपिअर, म्हणजे काहीही न वाहता दिवसाला ३६ मिलिअँपिअर-तास. ऋण नोंदी आहेत तशा बेरजेत जाऊ द्या. स्क्रीनवर उणे आकडा दाखवायचा नसेल तर फक्त दाखवताना तो शून्य करा, बेरजेला हात लावू नका.